मदत हवी आहे: पहिल्या किसनंतर काय मेसेज पाठवू? (आज रात्रीच पाठवायचाय)

टेकडीवाला (रात्री ११:२५)

मी २८, ती २७. पुण्यातच असतो दोघंही. एका मैत्रिणीच्या लग्नात ओळख झाली, आजची चौथी भेट. संध्याकाळी वेताळ टेकडी, मग कॉफी, मग तिला स्कूटरवरून तिच्या सोसायटीच्या गेटपाशी सोडलं. तिथे किस झाला. दोघंही पुढे झालो, पण माझ्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं आणि ते तिच्या कपाळावर आपटलं. ती हसत म्हणाली, "आधी हेल्मेट तरी काढ." काढलं. मग ती "चल, नीट जा" म्हणून आत गेली.

११:१० ला तिचा मेसेज आला: "पोचलास का? 🙂" मी अजून उत्तर दिलेलं नाही. हा मसुदा तयार आहे:

"पोचलो. आजचा दिवस मी आयुष्यात कधीच विसरणार नाही. आपल्यात काहीतरी खास आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. घाई झाली असेल तर सॉरी. तुलाही तसंच वाटलं ना? पुढच्या शनिवारी सिंहगडला जाऊ. आईला तुझ्याबद्दल सांगायचंय. गुड नाईट माय लव्ह ❤️❤️❤️"

काहीतरी जास्त होतंय असं वाटतंय, पण काय काढू ते कळत नाही. कोरडाही नकोय.

रोखठोक_राव

काही पाठवू नका. दोन दिवस थांबा. लगेच मेसेज केला की माणूस उतावळा दिसतो.

मधुमालती

राव, लांबलचक मेसेज उतावळा दिसतो हे बरोबर. पण तिने "पोचलास का?" विचारलंय. त्यावर दोन दिवस गप्प बसलात तर तिच्याकडून त्याचा एकच अर्थ निघेल, याला पस्तावा झालाय.

टेकडीवाला, आधी नुसतं "हो, आत्ताच पोचलो" एवढं पाठवा. आत्ता, हे वाचता वाचता. रात्री स्कूटरवरून गेलेल्या माणसाची काळजी आहे ती, तिला ताटकळत ठेवू नका. गोड मेसेज त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, वेगळा.

आता मसुदा. यात आठ वाक्यं आहेत आणि त्यातली जेमतेम दोन आजच्या संध्याकाळबद्दल आहेत. बाकीची एक तर पुढच्याबद्दल आहेत किंवा तिच्या मनात काय आहे त्याबद्दल. भार तिथे पडतोय. जे घडलं त्याबद्दल आणि तुम्हाला काय वाटलं त्याबद्दल हवं तेवढं लिहा, ते तुमचंच आहे. तिला काय वाटलं आणि आता काय होणार हे मात्र तिच्या वतीने लिहू नका.

"कधीच विसरणार नाही" हे ऐकायला गोड, पण ते वचन आहे. चौथ्या भेटीत कोणी वचन दिलं की समोरच्यावर आपणही काहीतरी तोलामोलाचं म्हणायची वेळ येते. "आजची संध्याकाळ मला खूप आवडली" यात ऊब तेवढीच आहे आणि परतफेड मागितलेली नाही. आईचं वाक्य तर आजच्या मेसेजमध्ये कुठेच बसत नाही. "माय लव्ह" म्हणजे नात्याला एकट्यानेच नाव देणं. आणि तिने एक स्मायली टाकलीय, तुम्ही तीन बदाम टाकताय. तिच्या मापाने चाला, एखादी स्मायली पुरे.

नानासाहेब_फलटण

लग्नाची मागणी मेसेजवर घालू नये. घरी जाऊन थोरामोठ्यांसमोर विषय काढावा. पत्रिका पाहिली आहे का?

टेकडीवाला

नाना, मागणी नाही घालत हो. नुसता शुभ रात्रीचा मेसेज आहे.

@मधुमालती, "हो, आत्ताच पोचलो" पाठवलं. पण सॉरी ठेवू का? मला खरंच वाटतंय की मी घाई केली असेन.

मधुमालती

काढा. तुम्हीच लिहिलंय की दोघंही पुढे झालात, ती हसली, हेल्मेट काढायला तिनेच सांगितलं, घरी जाऊन पोचलास का म्हणून तिनेच विचारलं. एवढ्यावर "सॉरी" म्हणजे जे झालं ते चुकलंच असं तुम्ही ठरवून टाकताय. मग बिचारीला तुमची समजूत काढत बसावं लागतं, "अरे नाही नाही, तसं काही नाही". छान वाटत असताना तिच्यावर हे काम का टाकायचं?

ती मागे सरकली असती, एकदम गप्प झाली असती, नजर चुकवून आत गेली असती, तर हा मेसेजच वेगळा झाला असता. तेव्हा गोड काही लिहायचंच नाही. "मी घाई केली असं मला वाटतंय. तुला अवघडल्यासारखं झालं असेल तर सॉरी. यावर काही बोलायचं नसेल तरी चालेल." बस, त्यात हसरी स्मायलीसुद्धा नको. पण त्या मेसेजमधलं सॉरी उचलून या मेसेजमध्ये चिकटवू नका, दोन्ही बिघडतात.

स्वल्पविराम

मधुमालतींनी आशय सांगितला, मी मराठीपुरतं बोलतो. तुमच्या मसुद्यात दोन छोटे शब्द सगळा घोळ घालतायत.

एक, "ना". "तुलाही तसंच वाटलं ना?" यात उत्तर आधीच भरलेलं आहे. तिला "हो" म्हणणं सोपं, आणि "अजून नीट कळत नाहीये" म्हणणं फार अवघड. "तुला कसं वाटलं?" त्यापेक्षा मोकळं आहे, पण तेही आज नको. रात्री साडेअकराला परीक्षेच्या पेपरसारखं वाटतं ते. आजच्या मेसेजमध्ये प्रश्नचिन्ह शून्य ठेवा. प्रश्न नसला की उत्तराची सक्ती नसते, आणि तरीही तिने लिहिलं तर ते मनापासून असतं.

दोन, "आपल्यात". मराठीत "आपण" म्हटलं की समोरच्यालाही आत ओढून घेतो आपण. "आपण टेकडीवर गेलो" बिनधास्त लिहा, ते खरंच दोघांनी केलं. "आपल्यात काहीतरी खास आहे" मध्ये मात्र तिची सही तुम्हीच करून टाकलीत. भावनेचं प्रत्येक वाक्य "मला" किंवा "मी"वर ठेवून बघा, निम्मा मसुदा आपोआप गळेल.

"जाऊ"चंही तेच. "सिंहगडला जाऊ" म्हणजे ठरलंच. "जायचं का?" हा प्रश्न झाला, आणि तो दोन दिवसांनी.

गोजिरी_ठाणे

माझं उलटं आहे. किस मी केला, मेसेजही मीच केला, "आज मस्त वाटलं" म्हणून. दोन दिवस झाले, निळी टिक आहे आणि उत्तर नाही. आता काय करू?

रोखठोक_राव

सरळ फोन लावा आणि विचारा, आहे की नाही.

मधुमालती

@गोजिरी, फोन करून जाब नको. एक मेसेज अजून चालेल, पण त्या संध्याकाळचा नाही. एरवी तुम्ही दोघं ज्यावर बोलता त्यातलं काहीतरी, एका ओळीत. त्यालाही उत्तर आलं नाही तर तिसरा पाठवू नका. तो का गप्प आहे हे इथे बसून कुणी सांगू शकणार नाही.

@टेकडीवाला, तुमच्याकडे सगळ्यात चांगली ओळ आहे आणि ती मसुद्यात आलीच नाही. हेल्मेट! "आधी हेल्मेट तरी काढ" हे फक्त तुम्हा दोघांना माहीत आहे. "खास", "जादुई" असले शब्द कुणीही कुणालाही पाठवतं, ती ओळ फक्त तिलाच जाऊ शकते. शिवाय तिचा फोन घरी कुठे पडलेला असेल काय माहीत. स्क्रीन लॉक असली तरी मेसेजच्या पहिल्या दोन ओळी वर दिसू शकतात. त्यात "किस" शब्द असण्यापेक्षा हेल्मेट असलेलं बरं. तिच्या आईने वाचलं तरी वाहतुकीचे नियम वाटतील.

असं करून बघा:

"'आधी हेल्मेट तरी काढ' आठवून अजून हसू येतंय. आजची संध्याकाळ मला खूप आवडली, शेवटची दोन मिनिटं जरा जास्तच. शांत झोप. 🙂"

तीन वाक्यं. पहिलं तिच्या विनोदाला दाद देतं, दुसरं तुमचं मन सांगतं आणि तिसरं संभाषण मिटवतं, म्हणजे ती उत्तर न देता झोपली तरी अर्धवट काही राहत नाही.

स्वल्पविराम

"शेवटची दोन मिनिटं जरा जास्तच" हे मी काढलं असतं. हेल्मेटमध्ये ते आलेलंच आहे, परत बोट कशाला ठेवायचं? थोडा लाडिक चावटपणा वाटतो.

मधुमालती

मला नाही पटत. ते काढलं तर उरतं "संध्याकाळ आवडली", आणि ते टेकडीबद्दलही असू शकतं. त्याला किस आवडला की नाही, या शंकेत तिने रात्र का काढावी? आवडलं हे एकदा स्पष्ट यायलाच हवं. "जरा" शब्दाने तोल सांभाळलाय.

स्वल्पविराम

"जरा" आणि "जास्तच" शेजारी शेजारी आहेत, तोल कसला सांभाळतोय. असो. तुमचं बोलणं एरवीही असं थट्टेचं असेल तर ठेवा. जपून जपून लिहीत असाल तर आजच एकदम सूर बदलू नका.

टेकडीवाला

थट्टेचंच असतं. ठेवतो. आणि तिने उत्तर दिलं तर पुढे काय लिहू?

मधुमालती

तिने हेल्मेटवर काही टोला मारला तर टोल्याला टोला द्या आणि थांबा. ती स्वतःहून मन मोकळं करायला लागली तर अर्थात बोला, तेव्हा हे नियम धरून बसू नका. नुसतं "गुड नाईट" आलं तर ते पूर्ण उत्तर आहे, "एवढंच?" असं विचारू नका.

उद्या नेहमीसारखं बोला. सिंहगडचं सोमवार-मंगळवारी विचारा, आणि तेही आधी दिवस ठरवून नाही: "सिंहगडचा विचार करतोय, यायला आवडेल का? नाही जमलं तरी हरकत नाही." दुसरं वाक्य तेव्हाच लिहा जेव्हा नकार आल्यावर तुमची खरंच हरकत नसेल.

टेकडीवाला (रात्री ११:५८)

पाठवला! पण घाईत "हसू येतय" गेलं, अनुस्वार राहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटं दुरुस्त करता येतं ना? करू?

स्वल्पविराम

मी हे आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय: अनुस्वार राहू द्या. दुरुस्त केलात की मेसेजखाली तशी खूण दिसते, आणि आधी काय लिहिलं होतं याचा ती विचार करत बसेल. डिलीट करून परत पाठवणं त्याहून वाईट.

टेकडीवाला

बरं. दोन टिका आल्यात, निळ्या नाही झाल्या अजून.

नानासाहेब_फलटण

सिंहगडावर पिठलं-भाकरी चांगली मिळते. सकाळी लवकर निघा, नंतर घाटात गाड्यांची रांग लागते.