प्रतिसाद: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन की थेट अँजिओप्लास्टी?

> "गडचिरोलीत ईसीजीत मोठा अटॅक दिसला, तर इथेच इंजेक्शन घ्यायचं की तडक नागपूर गाठायचं?"

इंजेक्शन तिथेच, आणि लगेच. नियम असा आहे की निदानापासून १२० मिनिटांत हृदयाची बंद रक्तवाहिनी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागात, उघडणार असेल तरच अँजिओप्लास्टीची वाट पाहायची. नागपूरचा रस्ताच तीन तासांहून जास्त आहे.

समजा, सहाला छातीत दुखू लागलं आणि साडेसातला ईसीजीच्या रेषेतला एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसला. वजन ६२ किलो असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज ३५ मिलिग्रॅम, शिरेतून एकदाच. सोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि हेपारिनच्या गटातलं औषध. वय ७५ च्या पुढे असेल तर टेनेक्टेप्लेजचा डोस निम्मा, कारण मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, गेल्या सहा महिन्यांत पक्षाघात झाला असेल किंवा महाधमनी फाटल्याची शंका असेल, तर इंजेक्शन देत नाहीत. मग लांब असलं तरी कॅथलॅबच.

इंजेक्शननंतर मात्र तिथेच थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. 'दुखणं कमी झालं, उद्या बघू' असं म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत. अ‍ॅम्ब्युलन्स लगेच निघावी, सोबत हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर हवाच. साठ ते नव्वद मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा, रस्त्यातल्या रुग्णालयात का होईना. एसटी निम्म्याहून अधिक खाली आला नसेल तर वाहिनी बहुधा बंदच आहे आणि पोहोचताच अँजिओप्लास्टी करावी लागते. उतरला असेल तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायची असते.

दुखायला लागून बारा तास उलटून गेले असतील तर इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही.