मसुदा एक तृतीयांशाने कापण्याचा नियम आणि कर्मणी प्रयोगावरचा आळ

लेखणीबहाद्दर: कार्यालयीन मराठीतला कोणताही मसुदा एक तृतीयांशाने कमी होतो. कर्मणी प्रयोग दिसला की काढा, नामांच्या रांगा मोडा, ‘साधारणपणे’, ‘काही अंशी’ हे शब्द सरसकट खोडा. यात वादाला जागा नाही.

कानामात्रा: वादाला भरपूर जागा आहे. मी अनेक वर्षे अहवालांचे संपादन करते आणि या नियमाने बिघडलेले मसुदे माझ्याकडे दुरुस्तीला येतात, म्हणून सविस्तर लिहिते. उदाहरणासाठी रचलेला हा परिच्छेद पाहा. यातील आकडेही उदाहरणापुरतेच आहेत.

‘ग्रामपंचायत क्षेत्रातील सार्वजनिक विहीर पाणी गुणवत्ता तपासणी अहवालाच्या अनुषंगाने असे नमूद करण्यात येते की, सदर विहिरीतील पाण्याच्या नमुन्याची प्रयोगशाळेकडून तपासणी करण्यात आली असून, त्यामध्ये नायट्रेटचे प्रमाण साधारणपणे काही अंशी विहित मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले आहे, त्यामुळे सदर पाण्याचा पिण्यासाठी वापर करण्यात येऊ नये, असे सुचविण्यात येत आहे.’

हे ४८ शब्द झाले. सोबतच्या प्रयोगशाळेच्या पत्रकात लिटरमागे ६२ मिलिग्रॅम हा आकडा आहे, असे धरू. मग मी असे लिहीन: ‘ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी प्रयोगशाळेने तपासले. एक लिटर पाण्यात ६२ मिलिग्रॅम नायट्रेट आढळले. मर्यादा ४५ मिलिग्रॅमची आहे. हे पाणी पिऊ नये.’ हे २१ शब्द आहेत.

आता यातले पहिले वाक्य तपासा. ‘प्रयोगशाळेने पाणी तपासले’ यात क्रियापद पाण्याप्रमाणे चालते, म्हणजे हा शुद्ध कर्मणी प्रयोग आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हाही कर्मणीच. तुमचा नियम पाळायचा तर माझे सर्वांत आटोपशीर वाक्यच आधी खोडावे लागेल. फुगवटा निर्माण होतो तो ‘तपासले’ या क्रियापदाचे ‘तपासणी’ हे नाम करून त्याला ‘करण्यात आली’ हे शेपूट जोडल्यामुळे. खोडायचे ते शेपूट, आणि ते खोडताना कर्ता कोण, हे शोधावेच लागते.

लेखणीबहाद्दर: शाळेतले व्याकरण मलाही येते. मला ‘करण्यात येते’ हेच म्हणायचे होते, हे कोणालाही समजले असते. तुमचा परिच्छेद निम्म्याहून खाली आला, म्हणजे माझा नियम सिद्धच झाला.

भूजल निवृत्त: निम्म्याहून खाली आला, कारण त्यात असायला हवे ते मुळातच नव्हते. मी पाण्याचे नमुने तपासण्यात नोकरी घालवली आहे. नमुना कोणत्या महिन्यातला, हे दोन्ही मसुद्यांत नाही. विहिरीतले नायट्रेट ऋतूनुसार बदलते. खतांचे आणि शेणाच्या उकिरड्याचे पाणी पहिल्या पावसाबरोबर झिरपले की मे आणि ऑगस्टचे आकडे वेगवेगळे येऊ शकतात. तारखेशिवाय ६२ हा आकडा वाचणाऱ्याला ती विहिरीची कायमची स्थिती वाटेल. दुसरी गोष्ट अशी की, ‘पिऊ नये’ एवढेच वाचून लोक पाणी उकळून पितात. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही; उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांखालील बाळांना असतो.

खोडण्याच्या उत्साहात तुम्ही सावधगिरीचे सगळे शब्द एका मापाने मोजता, हे मला मान्य नाही. ‘साधारणपणे काही अंशी’ हे दोन्ही जावेत, कारण मोजलेला आकडा हाती आहे. पण विहिरीजवळच्या शौचखड्ड्यामुळे नायट्रेट वाढले, हे सिद्ध झालेले नसेल, तर तेथे ‘बहुधा’ हवाच. तो शब्द काढणारा वाक्य लहान करत नाही, खोटे करतो.

कानामात्रा: तारखेचा आक्षेप रास्त आहे. दुसरे वाक्य ‘मे महिन्यातल्या नमुन्यात लिटरमागे ६२ मिलिग्रॅम नायट्रेट आढळले’ असे करते आणि शेवटी जोडते: ‘उकळूनही नायट्रेट जात नाही, त्यामुळे तान्ह्या बाळाची दूधभुकटी या पाण्यात कालवू नये.’ एकूण ३४ शब्द झाले, म्हणजे कपात तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ आली. पण आता जागा माहितीने व्यापली आहे. ‘बहुधा’बद्दल माझी अट एवढीच की, एका विधानाला एकच. ‘बहुधा शक्यता असू शकते’ यात तिहेरी कुंपण आहे आणि त्यातले कोणते खरे, हे वाचकाला कळत नाही.

शोधप्रबंध: माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या विद्यापीठात प्रबंधाला किमान पृष्ठसंख्या लागते आणि मार्गदर्शक ‘आणखी भर घाला’ म्हणतात. मी एक तृतीयांश कापले, तर पदवी कोण देईल? शिवाय ‘विहीर पाणी गुणवत्ता तपासणी अहवाल’ ही नामांची रांग मोडून मी ‘विहिरीच्या पाण्याच्या गुणवत्तेच्या तपासणीचा अहवाल’ असे लिहिले, तर शब्द तेवढेच राहिले आणि वाक्य अधिक अडखळते झाले.

कानामात्रा: पृष्ठांचा प्रश्न मार्गदर्शकांकडे न्यावा. रांगेचे तुमचे निरीक्षण मात्र अचूक आहे. नुसते ‘च्या’ लावून रांग मोडत नाही. त्यातले एक नाम क्रियापदात न्यावे लागते: ‘विहिरीचे पाणी तपासले’. शब्दसंख्येवरही फार विसंबू नका. तीच नामे जोडून ‘पाणीगुणवत्तातपासणी’ असे लिहिले की तीन शब्दांचा एक होतो आणि वाचणाऱ्याचा त्रास वाढतो.

कक्ष अधिकारी: एवढे शब्द खर्चूनही मूळ कारण कोणी लिहिले नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्य शासनाची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने होते. शासन निर्णयाखाली सही करणारा उपसचिव निर्णय अधिप्रमाणित करतो. तो निर्णय त्याचा नसतो. तेथे ‘मान्यता देण्यात येत आहे’ हेच बरोबर आहे. ‘मी मान्यता देतो’ असे लिहिणारा मसुदा आमच्याकडे परत जाईल, आणि जायलाच हवा.

माळरान: माझ्या शेतरस्त्याच्या अर्जावर एका कार्यालयाने ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर दिले. कोण करणार, कधी करणार, हे त्यात नव्हते. पुन्हा विचारले, तेव्हा ‘कार्यवाही सुरू करण्यात आली आहे’ असे आले. रस्ता अजून नाही. तुमचा अनुच्छेद शासन निर्णयापुरता असेल. माझ्या बांधावर राज्यपाल येणार नव्हते. हे वाक्य माणसाला लपवण्यासाठीच लिहिले जाते आणि त्याचे समर्थन ऐकून संताप येतो.

कक्ष अधिकारी: संताप समजतो, आरोप मान्य नाही. उत्तरावर सही करणाऱ्या लिपिकाला मोजणी कोण, कधी करणार, हे ठरवण्याचा अधिकार नसतो. त्याने नाव लिहिले आणि बदली झाली, तर उद्या त्या नावाला अर्थ उरत नाही.

माळरान: मग नाव नको, पद लिहा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी आणि मुदत ठरवायची सोय आहे. ‘मंडळ अधिकारी ३० जूनपर्यंत पाहणी करतील’ हे वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा फार मोठे नाही. बदली झाली, तरी पद तेथेच असते.

कक्ष अधिकारी: अर्जदाराला जाणाऱ्या पत्रात पद आणि दिनांक लिहावा, एवढे मी मानतो. शासन निर्णयाच्या भाषेला मात्र हात लावू देणार नाही.

लेखणीबहाद्दर: ठीक आहे, ‘कर्मणी प्रयोग’ऐवजी ‘करण्यात येणे’ असे वाचावे आणि ‘सरसकट’ हा शब्द मागे घेतो. एक तृतीयांशाचे माप मात्र मी सोडत नाही. उद्दिष्ट दिले नाही, तर कोणी एक शब्दही कापत नाही.

भूजल निवृत्त: ते माप माझ्या जुन्या हाताखालच्यांना दिले असते, तर त्यांनी आधी नमुन्याची तारीखच कापली असती.