अनुभव धागा: को-वर्किंगचं टेबल घ्यावं की घरीच बसावं?

राजारामपुरीत टेबलाचे महिन्याला ४,५०० सांगितलेत. दोन महिन्यांचं डिपॉझिट, मीटिंग रूमचे चार क्रेडिट, वेळ सकाळी नऊ ते रात्री आठ. घरून काम होतंय, पण क्लायंटचा कॉल आला की नेमकी कुकरची शिट्टी होते. घेतलेल्यांनी आणि घेऊन सोडलेल्यांनी हिशेब सांगा.

शाहूपुरी, अनुवाद करते: 'सकाळी नऊ ते रात्री आठ' हे त्यांचे तास झाले, आपले नव्हेत. ४,५०० वर १८ टक्के जीएसटी धरला की ५,३१० होतात. महिन्यात खरंच ६० तास बसणार असाल तर तासाला साधारण ८८ रुपये पडले. आधी डे-पासचा दर विचारा. माझ्याकडं जीएसटीसकट ४१३ आहे, म्हणजे १२ दिवसांपर्यंत डे-पासच स्वस्त. त्यात डिपॉझिट नाही.

उद्यमनगर, डिझायनर: जीएसटी कशाला धरताय ताई? परत मिळतो की! मला मिळतोय.

कर सल्लागार: तुमची नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा नंबर असेल, तर मिळतो. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या आत बहुधा नोंदणी लागत नाही, मग तो १८ टक्के खर्चच. शिवाय ४४एडीएखाली निम्मी मिळकत नफा धरून रिटर्न भरत असाल, तर भाडं वेगळं वजा होत नाही. 'टॅक्समध्ये वाचेल' म्हणून टेबल घेऊ नका.

रंकाळा, कोडिंग: क्रेडिटवर भाळू नका राव. आमच्याकडं महिनाअखेरीला संपतात, पुढं जात नाहीत, आणि अर्ध्या तासाच्या मीटिंगला पूर्ण क्रेडिट कापतात. रूम सुटी घेतली तर ३०० रुपये तास. मला महिन्यातून एकदाच लागते, म्हणून चार क्रेडिटची किंमत मी ३००च धरतो, १,२०० नाही. त्यांचं कॅल्क्युलेटर वेगळं, माझं वेगळं.

गांधीनगर: मला टेबल नकोच, नोंदणीसाठी नुसता पत्ता पाहिजे. किती घेतात?
(धागाकर्ता: तो प्लॅन वेगळा असतो, इथं बसण्याचं चाललंय.)

कावळा नाका, व्हिडिओ एडिटर: डिपॉझिट म्हणजे खर्च नव्हे. ९,००० बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला ४५ रुपये आले असते, तेवढंच नुकसान. खरी गोम लॉक-इनमध्ये. मी मुदतीआधी सोडलं, तर एक महिना नोटिशीपोटी कापला आणि उरलेले द्यायला बराच वेळ लावला. डिपॉझिट शेवटच्या भाड्यात वळतं करणार का आणि किती दिवसांत परत देणार, हे करारात लिहून घ्या.

शाहूपुरी: घरचं वायफाय दोन्हीकडं भरावंच लागतं, ते वजा करू नका. टेबलाची तुलना इन्व्हर्टर आणि दार बंद होणाऱ्या खोलीशी करा.

उद्यमनगर: दार बंद करून आई ऐकतीय व्हय!

धागाकर्ता: मग आधी डे-पास घेतो. लाईट गेल्यावर तिथला जनरेटर एसीसकट चालतो की नुसते पंखे, हे कुणी पाहिलंय का?