पासवर्ड रिसेटचा मेल येतच नाहीये, परवा शेवटची तारीख, मदत हवी आहे

वैशाली_ऐरोली, रात्री ८:५०
कुणीतरी पटकन सांगा प्लीज. भाचीच्या शिष्यवृत्तीचं रिन्युअल भरायचंय आणि पोर्टलचा पासवर्ड आठवत नाहीये. फरगॉट पासवर्डवर सकाळपासून दहा-बारा वेळा दाबलं, दर वेळी हिरवी पट्टी येते की मेल पाठवलाय, पण मेल काही येत नाही. स्पॅम बघून झालं. हेल्पलाइन सतत बिझी. परवा शेवटची तारीख आहे, पोरीचं वर्षभराचं अडेल हो.

घणसोलीकर, ८:५८
मेल जीमेलचा की ऑफिसचा? मोबाइलवर बघताय की कॉम्प्युटरवर? एवढं तरी लिहा, नाहीतर कोण काय सांगणार.

नितीन_कळवा, ९:०२
सेम प्रॉब्लेम माझा, बँकेचा ओटीपीच येत नव्हता दोन दिवस. सिम काढून परत घाला, एरोप्लेन मोड चालू-बंद करा. आमच्याकडे पारसिक बोगद्याच्या बाजूला रेंज जातेच म्हणा.

वैशाली_ऐरोली, ९:०५
दादा ओटीपी नाही, ईमेल आहे. जीमेल, माझाच, मोबाइलवर. बाकीचे सगळे मेल येतायत.

प्रसाद_वाशी, ९:११
जीमेलमध्ये साधं सर्च केलं तर स्पॅम आणि ट्रॅश त्यात येत नाही, म्हणून लोकांना वाटतं मेल नाहीच. सर्चमध्ये हे टाका, दोन दिवसांतलं सगळं दिसेल, प्रमोशन्सच्या टॅबमधलंसुद्धा:

```
in:anywhere newer_than:2d
```

आणि स्टोरेज बघा. १५ जीबीत फोटो, ड्राइव्ह सगळं आलं, ते भरलं की मेल यायचेच बंद होतात.

वैशाली_ऐरोली, ९:१९
टाकलं, पोर्टलचं काहीच नाही. स्टोरेज ११ जीबी झालंय.

सुलभा_महापे, ९:२४
वैशालीताई, मी महापेला मेल सर्व्हरचंच काम बघते. त्या हिरव्या पट्टीवरची ओळ जशीच्या तशी टाइप करून टाका बघू, तुमच्या शब्दांत नको.

वैशाली_ऐरोली, ९:२७
```
If this email is registered with us, a reset link has been sent.
```

सुलभा_महापे, ९:३६
मला वाटलंच. त्यातला पहिला शब्द वाचा. "जर" हा पत्ता आमच्याकडे असेल, तर लिंक पाठवली. म्हणजे पत्ता त्यांच्याकडे नसला तरी पट्टी हीच येणार आणि मेल मात्र निघणारच नाही. हे मुद्दाम करतात, नाहीतर कुणीही परक्याचा पत्ता टाकून त्याचं खातं आहे की नाही ते काढून घेईल. तेव्हा पट्टी आली म्हणून मेल निघालाच असं धरू नका. बाकीचे मेल येतायत, स्टोरेज आहे, स्पॅममध्ये काही नाही, म्हणजे माझा पहिला संशय पत्त्यावर आहे. रजिस्ट्रेशन कुणी केलं होतं?

वैशाली_ऐरोली, ९:४०
गेल्या वर्षी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत, तिथल्या मुलाने भरलं. पण पत्ता बरोबरच असणार, कारण रजिस्ट्रेशन झाल्याचा मेल तेव्हा मलाच आला होता!

घणसोलीकर, ९:४३
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. हे कॅफेवाले घाईघाईत gmail.con सुद्धा टाकतात. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालेलं, खातं कायमचं गेलं.

प्रसाद_वाशी, ९:४५
असं असतं तर त्यांना कन्फर्मेशन आलंच नसतं ना. पत्ता बरोबर आहे, साइट गंडलीय. कॅशे क्लिअर करून दुसऱ्या ब्राउझरमधून करा.

सुलभा_महापे, ९:५३
कॅशेचा इथे संबंध नाही, मेल त्यांच्या सर्व्हरवरून निघतो. ताई, तुमच्या पत्त्यात नाव-आडनावाच्या मध्ये टिंब आहे का, आणि आज टाकताना टाकलं का?

वैशाली_ऐरोली, ९:५५
मी टिंब कधीच टाकत नाही. तसाच पत्ता सगळीकडे देते.

प्रसाद_वाशी, ९:५७
जीमेलला टिंबाने फरक पडत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. स्वतःला टिंब टाकून मेल पाठवून बघा, येतो. उगाच त्यांना घोळात पाडू नका.

सुलभा_महापे, १०:०६
प्रसाद, बरोबर आहे, पण अर्धंच. फरक पडत नाही तो जीमेलला. पोर्टलच्या डेटाबेसात टिंबवाला पत्ता आणि बिनटिंबाचा पत्ता ही दोन वेगळी नावं आहेत. कॅफेतल्या मुलाने टिंब टाकलं असेल तर कन्फर्मेशन ताईंनाच येणार, कारण जीमेल दोन्ही एकाच इनबॉक्समध्ये टाकतो. पण आज बिनटिंबाचा पत्ता टाकला की पोर्टल म्हणणार, असं कुणी आमच्याकडे नाही. काही साइट्स टिंब काढून जुळवतात, बऱ्याच नाही जुळवत.

ताई, अंदाज बांधत बसू नका. गेल्या वर्षीचा तो रजिस्ट्रेशनचा मेल शोधून उघडा आणि पाठवणाऱ्याच्या नावाखाली "to me" दिसतं त्याच्या बाजूच्या बाणावर दाबा. तिथे पोर्टलकडे नोंदलेला पत्ता अक्षर न् अक्षर दिसेल. तोच कॉपी करून टाका, हाताने टाइप करू नका.

वैशाली_ऐरोली, १०:२१
सापडला!! आडनावाआधी टिंब आहे, आणि आडनावात एच पण जास्तीचा... नाही नाही, एच माझ्याच पत्त्यात आहे, घाबरले मी. फक्त टिंब आहे. तोच टाकला, दहा मिनिटं झाली, अजून मेल नाही. परत दाबलं, परत नाही. आता काय?

सुलभा_महापे, १०:२३
आता हात लावू नका! प्रत्येक वेळी दाबलं की नवी लिंक तयार होते आणि बहुतेक ठिकाणी आधीची रद्द होते. अर्धा तास थांबा. शेवटचे दोन दिवस आहेत, त्यांच्याकडे मेलची रांग लागलेली असणार.

नितीन_कळवा, १०:३०
आमच्या बँकेतपण महिनाअखेरीला असंच होतं, मॅनेजर म्हणतो सर्व्हर डाउन.

वैशाली_ऐरोली, १०:३९
आले, दोन्ही एकदम. पण लिंक उघडली तर "invalid" म्हणतंय.

सुलभा_महापे, १०:४१
एकच विषय असला की जीमेल मेल एकाखाली एक लावतो, त्यात सगळ्यात खालचा तो नवा. तो उघडा. किती वेळ चालणार ते मेलमध्येच लिहिलेलं असतं.

वैशाली_ऐरोली, १०:४८
झालं!! पासवर्ड बदलला, फॉर्म उघडला. ताई, तुमचे उपकार आहेत. भाची शेजारीच बसली होती, रडवेली झालेली, आता अपलोड करतेय.

प्रसाद_वाशी, १०:५५
टिंबाचं मला माहीत नव्हतं. पण मेल उशिरा आला तो जीमेलमुळे की पोर्टलमुळे?

सुलभा_महापे, ११:०४
ते कळतं. कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूत "Show original" करायचं, मोबाइलच्या ॲपमध्ये ते नाही. वर असं काहीतरी दिसतं:

```
Delivered after 1140 seconds
```

म्हणजे १९ मिनिटं. मग Received च्या ओळी खालून वर वाचायच्या आणि वेळ कुठे उडी मारतो ते बघायचं. उडी पोर्टलच्याच दोन सर्व्हरांमध्ये असेल तर रांग त्यांच्याकडे. जीमेलच्या पहिल्या ओळीच्या आधी असेल तर नक्की सांगता येत नाही, कारण जीमेलनेही "नंतर या" म्हणून परत पाठवलेलं असू शकतं. ताई, फॉर्म झाल्यावर त्या ओळी टाकाल का? पत्ता खोडून.

स्मिता_खारघर, ११:१२
माझं वेगळं आहे, मेल ऑफिसचा आहे. लिंक दर वेळी ४०-४५ मिनिटांनी येते आणि तोवर मुदत संपलेली असते. जुने पाठवणारे लगेच येतात, फक्त नवे उशिरा. आयटीवाले म्हणतात आमच्याकडे काही नाही.

सुलभा_महापे, ११:२०
तुमच्याकडे ग्रेलिस्टिंग असेल बहुतेक. अनोळखी सर्व्हरला पहिल्या वेळी मुद्दाम परत पाठवतात, स्पॅमवाले सहसा पुन्हा येत नाहीत म्हणून. खरा सर्व्हर परत येतो, पण किती वेळाने ते त्याच्या सेटिंगवर. आयटीला "मेल आला का" विचारू नका, ४५१ ने परत पाठवल्याची नोंद लॉगमध्ये आहे का ते विचारा.

स्मिता_खारघर, ११:२४
उद्या विचारते. ते लॉग दाखवतील की नाही देव जाणे.

वैशाली_ऐरोली, ११:४०
फॉर्म सबमिट झाला, पावतीची प्रिंट उद्या सकाळी काढते. प्रोफाइलमध्ये पत्ता बिनटिंबाचा करायला गेले तर बदलूच देत नाहीये, म्हणून टिंबासकट भाचीच्या वहीत लिहून ठेवलाय. सुलभाताई, लॅपटॉप भावाकडे आहे, त्या ओळी उद्या टाकते.