मदत हवी आहे: आईचे खालचे दोन सुळे काढावेत की ठेवावेत?

आम्ही देवगडचे. आईचं वय ७१, मधुमेह आहे पण गोळ्यांनी आटोक्यात आहे. वरची कवळी नीट बसते. खाली फक्त दोन सुळे उरलेत, थोडे झिजलेले, पण हलत नाहीत.

इथल्या डॉक्टरांचं म्हणणं, सुळे काढू नका. रूट कॅनाल करून ते हिरडीच्या वर जेमतेम दोन मिलिमीटर ठेवायचे, घुमटासारखे गोल करायचे आणि त्यावर कवळी बसवायची. दाताचं मूळ जागेवर राहिलं की भोवतालचं हाड टिकतं. १९७८ च्या एका अभ्यासात पाच वर्षांत खालच्या जबड्याचं पुढचं हाड सुळे ठेवलेल्यांचं सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं, सगळे दात काढलेल्यांचं ५.२. शिवाय मुळाभोवतीची जाणीव शिल्लक राहते, त्यामुळे चावताना जोर किती लावायचा ते कळतं. मला हे पटतंय. आईला भाकरी आणि तळलेला बांगडा पुन्हा नीट चावता यावा, एवढंच हवंय.

रत्नागिरीचे डॉक्टर मात्र दोन इम्प्लांट सुचवतात. कवळी त्यावर खटकन बसते, पकड घट्ट, आणि इम्प्लांटला कीड लागत नाही. झाकलेल्या मुळाला मात्र ती लवकर लागते, हीच माझी मोठी काळजी.

कोणाच्या घरी मुळांवरची कवळी आहे का? रोज फ्लोराइड जेल लावता का, रात्री कवळी काढून ठेवता का? मुळं किती वर्षं टिकली? आणि इम्प्लांटवाल्यांनो, कवळीच्या आतल्या, पकड देणाऱ्या नायलॉनच्या रिंगा किती दिवसांनी बदलाव्या लागतात?