मदत हवी आहे: उत्तरतालिकेत लोकसभेची कमाल संख्या 552 धरली आहे, मंडळाला पत्र कसं लिहू?

रामबागच्या_बाई

नमस्कार. मी इंदूरला बारावीला राज्यशास्त्र शिकवते. आमच्या मुलांनी दिलेल्या एका प्रवेश परीक्षेची तात्पुरती उत्तरतालिका परवा लागली. प्रश्न असा होता: ‘संविधान के अनुसार लोकसभा की अधिकतम सदस्य संख्या कितनी हो सकती है?’ पर्याय 543, 545, 550 आणि 552. तालिकेत 552 बरोबर धरलंय.

माझ्या सात मुलांनी 550 केलंय, कारण मीच तसं शिकवलं. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा, म्हणजे प्रत्येकाचा सव्वा गुण गेला. काल त्यातली एक मुलगी खजुरी बाजारातून आणलेलं गाईड घेऊन घरी आली. पान उघडून, 552 वर बोट ठेवून म्हणाली, “बाई, तुमचं चुकलं का?” रात्रभर तेच डोक्यात होतं.

आक्षेप घ्यायला चार दिवस आहेत. कच्चं पत्र असं लिहिलंय:

“महोदय, आपल्या तज्ज्ञांना संविधानाची प्राथमिक माहितीही नसावी, ही खेदाची बाब आहे. सर्व चांगल्या पुस्तकांत 550 हीच संख्या आहे. तरी 550 बरोबर धरावा, किंवा दोन्ही पर्यायांना गुण द्यावेत, किंवा प्रश्न रद्द करावा.”

पत्र हिंदीत पाठवायचं आहे, ते मी करीन. पण मजकूर बरोबर आहे का?

मांडवी_बडोदा

बाई, राग मानू नका, पण मला 552च बरोबर वाटतं. राज्यांचे 530, केंद्रशासित प्रदेशांचे 20 आणि राष्ट्रपतींनी नेमलेले अँग्लो-इंडियन 2. कलम 331 आजही घटनेच्या पुस्तकात छापलेलं आहे, मी आत्ताच उघडून बघितलं. ते काढून टाकलेलं नाही. प्रश्नात ‘संविधान के अनुसार’ म्हटलंय, मग मंडळाचं काय चुकलं?

तुकोगंजचा_बाप

माझ्या मुलाच्या बाबतीत असंच झालं होतं. गुणांची बेरीजच चुकली होती. आम्ही पुनर्मोजणीचा अर्ज केला आणि सहा गुण वाढले. तुम्हीही पुनर्मोजणीच मागा, पत्रबित्र कोणी वाचत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

तुकोगंजकर, बाईंची तक्रार बेरजेची नाही. पुनर्मोजणीत गुण मोजतात ते त्याच तालिकेवरून. तालिकाच चुकीची असेल तर दहा वेळा मोजूनही आकडा तोच येईल.

मांडवीताई, 331 छापलेलं आहे हे तुमचं खरं. पण आणखी तीन कलमं पुढे जा आणि 334 वाचा. त्याची सुरुवातच अशी आहे की या भागातल्या आधीच्या तरतुदींत काहीही म्हटलेलं असलं, तरी ठरावीक वर्षांनंतर त्या तरतुदी निष्प्रभ होतील. 331 त्याच भागात, 334च्या आधी येतं. म्हणजे ते पुस्तकात आहे, पण त्याचा अंमल संपलेला आहे.

ही मुदत मुळात दहा वर्षांची होती आणि दर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती करून ती वाढवत नेली. साठ वर्षं हेच चाललं, त्यामुळे गाईडवाल्यांनी 552 हा आकडा कायमचाच धरला. 104व्या घटनादुरुस्तीने मात्र दोन गोष्टी वेगळ्या केल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना 80 वर्षांपर्यंत मुदत दिली आणि अँग्लो-इंडियन नियुक्ती 70 वर्षांवरच थांबवली. ही दुरुस्ती 25 जानेवारी 2020 पासून लागू झाली. त्यानंतर उरतं ते कलम 81: राज्यांतून 530 पेक्षा जास्त नाहीत, केंद्रशासित प्रदेशांतून 20 पेक्षा जास्त नाहीत. बेरीज 550. बाई, तुम्ही बरोबर शिकवलंत.

आता पत्र. मी अशा आक्षेपांच्या छाननीला बसलेलो आहे. पहिलं वाक्य काढून टाका. छाननी करणाऱ्यापुढे कागदांचा गठ्ठा असतो, तो आधी प्रश्न क्रमांक आणि पुरावा शोधतो. ‘सर्व चांगल्या पुस्तकांत’ हेही काढा, कारण मंडळ 552 लिहिलेली दहा पुस्तकं दाखवू शकतं. पुस्तकासमोर पुस्तक ठेवलं की मामला संशयाचा होतो, आणि संशयाचा फायदा मंडळाला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितलंय की तालिका चुकीची असल्याचं स्पष्ट दिसत नाही तोवर ती बरोबर मानायची. लांबलचक तर्क लढवून ती चुकीची ठरवता येत नाही. म्हणून तुमचा पुरावा दोन ओळींत दिसला पाहिजे: कलम 81 आणि कलम 334, बाकी काही नको. legislative.gov.in वर घटनेची अधिकृत प्रत मिळते. ती दोन पानं छापा, ओळींखाली पेनाने रेघ मारा आणि जोडा.

रामबागच्या_बाई

सर, किती हलकं वाटलं. असं लिहू का?

“संच ब, प्रश्न क्र. 37. तात्पुरत्या तालिकेत पर्याय ड (552) दिला आहे. कलम 81(1) नुसार कमाल संख्या 530 अधिक 20, म्हणजे 550 होते. कलम 331 खालील दोन नियुक्त जागांची तरतूद कलम 334 नुसार 25 जानेवारी 2020 पासून संपुष्टात आली आहे. दोन्ही कलमांची पानं सोबत जोडली आहेत. तरी पर्याय क (550) बरोबर धरावा.”

लष्कर_ग्वाल्हेर

छान. एक अडचण दिसते. तालिका कोणत्या संचाच्या क्रमाने लावली आहे ते बघा. पुष्कळदा मंडळ एकाच संचाची तालिका लावतं आणि मुलं आपापल्या पुस्तिकेतला क्रमांक टाकतात. मग आक्षेप भलत्याच प्रश्नाला लागतो आणि ‘अमान्य’ म्हणून परत येतो. क्रमांकाबरोबर प्रश्नाचं पूर्ण वाक्यही लिहा.

रामबागच्या_बाई

अगबाई, खरंच! तालिका संच अ ची आहे, त्यात हाच प्रश्न 52वा आहे. मी 37 टाकून मोकळी झाले असते. आणखी एक, पोर्टलवर फक्त परीक्षार्थीलाच आत जाता येतंय. शिक्षकासाठी जागाच नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

मग आक्षेप त्या मुलीच्या नावाने भरा आणि तुमचं पत्र तिच्या जोडपत्रात घाला. परीक्षा नियंत्रकांना वेगळी प्रत टपालाने पाठवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. मुदतीत मोजला जातो तो पोर्टलवरचाच आक्षेप.

मांडवी_बडोदा

334चं माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण ‘किंवा प्रश्न रद्द करावा’ हे का काढलंत? 550 नाही मिळालं तर निदान वजा झालेला पाव गुण तरी परत येईल.

लष्कर_ग्वाल्हेर

आपणच तीन वाटा दाखवल्या की मंडळ सगळ्यात सोपी वाट धरतं. प्रश्न रद्द झाला तर काही ठिकाणी सगळ्यांनाच गुण देतात, काही ठिकाणी उरलेल्या प्रश्नांवर गुण मोजतात. दोन्हींत या सात मुलांनी बरोबर उत्तर दिल्याचा फायदा जातो. रद्द करा म्हणायचं ते एकही पर्याय बरोबर नसेल तेव्हा. इथे बरोबर पर्याय छापलेला आहे.

मांडवी_बडोदा

मला नाही पटत. मुलांचं नुकसान कमी होणं महत्त्वाचं. मी असते तर शेवटी एक ओळ ठेवली असती.

रामबागच्या_बाई

मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि एकच मागणी ठेवली. आज दुपारी मुलगी आणि तिचे वडील घरी आले, तिच्या लॉगिनमधून आक्षेप भरला. एका प्रश्नाचं शुल्क मी देत होते, वडिलांनी घेतलं नाही. पावती छापून घेतली आहे, तिच्यावर प्रश्न क्र. 52 आणि ‘दस्तावेज 3’ असं आलंय. बाकीच्या सहांपैकी चौघांनीही भरायचं ठरवलंय. अंतिम तालिका लागली की इथेच लिहीन.