भाड्याच्या फ्लॅटवरचा टॅक्स: ग्रुपवरची चर्चा

बी-३०४: काका, २०२५-२६ च्या रिटर्नचं विचारायचं होतं. फ्लॅटचं भाडं महिना २५,०००. प्रॉपर्टी टॅक्स १८,००० मीच भरला. लोनचे हप्ते वर्षात ५,४०,००० गेले. ते सगळे वजा होतील ना?

ए-१०२: हप्ता नाही, फक्त व्याज. बँकेच्या साइटवरून व्याजाचं सर्टिफिकेट काढा, त्यात मुद्दल वेगळं दिसेल.

बी-३०४: व्याज ४,२०,०००, मुद्दल १,२०,०००.

ए-१०२: मग असं मांडा. भाडं ३,००,०००, त्यातून प्रॉपर्टी टॅक्स गेला की २,८२,००० उरले. याचे ३० टक्के म्हणजे ८४,६०० स्टँडर्ड डिडक्शन. राहिले १,९७,४००. त्यातून व्याज वजा केलं की तोटा २,२२,६००.

सी-५०१: ३० टक्के पूर्ण भाड्यावर नाही का? ९०,००० होतात.

ए-१०२: नाही ताई, ही चूक फार होते. आधी प्रॉपर्टी टॅक्स काढायचा, मग उरलेल्यावर ३० टक्के. याला एकही पावती लागत नाही, खर्च शून्य असला तरी मिळतं. म्हणूनच रंगकाम, ब्रोकरेज वेगळं मागता येत नाही. प्रॉपर्टी टॅक्सचं मात्र पावतीवरची तारीख बघा. मार्चपर्यंतची थकबाकी एप्रिलमध्ये भरली, तर ती पुढच्या वर्षात धरली जाते. आणि भाडेकरूने भरला असेल तर तुम्हाला वजावट नाही.

बी-३०४: पण व्याजाला २ लाखांची मर्यादा आहे ना?

ए-१०२: ती स्वतः राहत्या घराच्या व्याजाला. भाड्याच्या घराचं व्याज पूर्ण धरायचं, मर्यादा लागते ती तोट्याला. जुन्या पद्धतीत पगारातून २,००,००० वजा होतील. उरलेले २२,६०० पुढची ८ वर्षं नेता येतात, तेही फक्त घराच्या उत्पन्नासमोर, आणि त्यासाठी आयटीआर-२ भरा. नव्या पद्धतीत भाड्यावर टॅक्स लागणार नाही, पण तोट्याचा एक रुपयाही पगारातून कमी होणार नाही. आता काही निवडलं नाही तर नवीच लागू होते. जुनी हवी तर रिटर्न मुदतीतच भरा. उशीर झाला की तो पर्याय गेला.

बी-३०४: फ्लॅट आणि लोन दोन्ही बायकोच्या नावावरही आहे, निम्मं-निम्मं. ती पण नोकरी करते.

ए-१०२: हे आधी सांगायचं! मग भाडं, टॅक्स, व्याज सगळं निम्मं-निम्मं. प्रत्येकी तोटा १,११,३००. २ लाखांची मर्यादा दोघांना वेगवेगळी, त्यामुळे दोघांनीही जुनी पद्धत घेतली तर पूर्ण २,२२,६०० यंदाच वजा होतात. फक्त हप्ते एकट्या तुमच्या खात्यातून जात असतील तर वहिनींच्या व्याजावर प्रश्न येऊ शकतो. त्यांनी त्यांचा वाटा त्यांच्या खात्यातून भरलेला दिसला पाहिजे.

सी-५०१: आणि भाडं पूर्णच तुमच्या खात्यात येत असलं, तरी निम्मं वहिनींच्या रिटर्नमध्ये दाखवा.